सांगलीत भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा: कोणता घ्यावा, कोणता नको

प्रश्न: आम्ही नवरा-बायको आणि एक मुलगी. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बाजूला तळमजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट ११ महिन्यांच्या कराराने घेतला आहे. घरमालक म्हणतात, "इमारतीचा विमा मी काढलाय, तुम्हाला काही करायला नको." ओळखीचा एजंट मात्र वर्षाला आठ हजारांचे पॅकेज घ्या म्हणतो. घरात नेहमीचे सामान, माझा ऑफिसचा लॅपटॉप, बायकोचे सात तोळे सोने आहे. बायको घरी ब्लाऊज शिवून देते. विमा घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

उत्तर:

घ्या. पण फक्त सामानाचा घ्या. एजंटाचे पॅकेज आहे तसे घेऊ नका. मी गेली अनेक वर्षे सांगली-मिरज भागात नुकसानीचे सर्व्हे करतो. पूर ओसरल्यावर भाडेकरूंच्या घरांत जे पाहिले त्यावरून सांगतो की तुमच्या पत्त्यावर, तळमजल्यावर, हा खर्च वाजवी आहे. हेच घर विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर असते, तर मी इतक्या ठामपणे सांगितले नसते. तिथे पुराचा प्रश्न जवळजवळ उरत नाही आणि विमा घ्यायचा की नाही हे आग आणि घरफोडी या दोन गोष्टींवर ठरते.

आधी घरमालकांच्या म्हणण्याबद्दल. त्यांनी विमा काढला असेल तर तो भिंती, छत, फरशी, दारे-खिडक्या आणि त्यांच्या मालकीच्या वस्तूंचा. तुमचा फ्रिज त्यांचा नाही. तो बुडाला तर त्यांचे आर्थिक नुकसान होत नाही, म्हणून त्यांची विमा कंपनी त्याचे पैसे देणार नाही. हाच नियम उलट बाजूनेही लागतो. इमारत तुमची नाही, म्हणून तिचा विमा तुम्ही काढण्यात अर्थ नाही. एजंटाच्या आठ हजारांत इमारतीचा भाग किती, सामानाचा किती आणि दागिन्यांचा किती, हे त्याच्याकडून वेगवेगळे लिहून घ्या. अशा पॅकेजमध्ये मोठा आकडा बहुतेक वेळा इमारतीचा किंवा दागिन्यांचा निघतो. इमारतीचा हप्ता तुम्ही भरण्याचे काही कारण नाही.

आता काय घ्यायचे ते. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी लागू केली आहे. तिचे नाव 'भारत गृह रक्षा'. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही कंपनीकडून घेतली तरी तिचा मूळ मजकूर सारखाच असतो. त्यामुळे तुलना फक्त हप्त्याची आणि क्लेमच्या वेळच्या सेवेची करायची. ही पॉलिसी इमारतीशिवाय, केवळ घरातल्या सामानासाठी घेता येते. मालकाने इमारतीचा आणि सामानाचा विमा एकत्र घेतला, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, सामानाला आपोआप संरक्षण मिळते. भाडेकरूला ही सोय नाही. तुम्हाला रक्कम स्वतः ठरवून सांगावी लागते.

या पॉलिसीत आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबणे, दरड, स्फोट, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे हे सगळे मूळ हप्त्यातच येते. पुरासाठी वेगळे काही जोडून घ्यावे लागत नाही. सांगलीच्या तळमजल्यासाठी ती योग्य आहे ती याच कारणाने. पण तिच्यात नेहमीची चोरी नाही, आणि हे अनेकांना क्लेमच्या वेळीच कळते. चोरीचा उल्लेख आहे, पण तो असा: वर सांगितलेल्या एखाद्या आपत्तीमुळे आणि ती घडल्यापासून ७ दिवसांच्या आत झालेली चोरी. तुम्ही मे महिन्यात गावाला गेलात आणि कुलूप तोडून कोणी टीव्ही नेला, तर या पॉलिसीतून एक रुपया मिळणार नाही. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, एक तर याच पॉलिसीला जोडून किंवा स्वतंत्र.

ही ७ दिवसांची अट सांगलीत जास्त महत्त्वाची आहे, कारण कृष्णेचा पूर हळू चढतो आणि हळू उतरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि कित्येक घरांत ते आठवड्याहून अधिक काळ राहिले. लोक घरे सोडून गेले. परतल्यावर काही ठिकाणी कुलपे तुटलेली होती. चोरी नेमकी कधी झाली हे कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून पाणी शिरले त्याच दिवशी कंपनीला ई-मेलने कळवा. घरात जाता येत नसले तरी कळवा. परत गेल्यावर कुलूप तुटलेले दिसले तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या. तारीख सिद्ध करण्याचा भार शेवटी तुमच्यावर येतो.

आता रक्कम. इथे एक चूक सर्रास होते. लोक वस्तू किती जुनी आहे ते पाहून तिची आजची पडकी किंमत धरतात. या पॉलिसीत सामानाचा हिशेब तशीच वस्तू आज नवी घेण्याच्या खर्चावर होतो, म्हणून रक्कमही त्याच भावाने ठरवा. तुमच्यासारख्या घराचा हिशेब साधारण असा बसतो. फ्रिज ३२ हजार, वॉशिंग मशीन २२, टीव्ही ३५, गाद्यांसह दोन पलंग ६०, प्लायवूडचे कपाट २५, लोखंडी कपाट १५, सोफा ३५, इन्व्हर्टर आणि बॅटरी २८, स्वयंपाकघरातले सगळे मिळून ६०, तिघांचे कपडे एक लाख, आणि पंखे, पडदे, पुस्तके, मुलीची सायकल असे किरकोळ ३८ हजार. बेरीज साडेचार लाख. तुम्ही पाच लाख घ्या. कपड्यांचा आकडा तुम्हाला मोठा वाटेल, पण तिघांच्या साड्या, शाली, स्वेटर, शाळेचे गणवेश, पांघरुणे एका ठिकाणी मांडून पाहा.

रक्कम मुद्दाम कमी सांगितली तर काय होते? जुन्या पद्धतीच्या पॅकेजमध्ये अपुऱ्या विम्याची कपात असते. साडेचार लाखांचे सामान असून दीड लाखाचाच विमा काढला, आणि नुकसान ९० हजारांचे झाले, तर कंपनी म्हणते की तुम्ही एक तृतीयांशाचाच विमा काढला होता, म्हणून भरपाईही एक तृतीयांश, म्हणजे ३० हजार. भारत गृह रक्षामध्ये ही कपात पूर्णपणे काढून टाकलेली आहे. तिथे याच उदाहरणात ९० हजार मिळतील. पण दीड लाखाच्या वर काहीच मिळणार नाही, आणि पुराचे नुकसान दीड लाखावर थांबत नाही. एजंटाचे पॅकेज भारत गृह रक्षेवर आधारलेले आहे की वेगळे, हे विचारण्याचे एक मुख्य कारण हेच.

समजा तुमच्या घरात चार फूट पाणी आले आणि पाच दिवस राहिले. मी सर्व्हेला आलो तर काय लिहीन? भिंतीवर उंच लावलेला टीव्ही वाचला. स्टीलची भांडी धुऊन वापरता येतील, त्यांचे काही नाही. मिक्सर, शेगडी वगैरे गेले, १२ हजार. फ्रिज दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीचा खर्च, समजा ११ हजार. नवा फ्रिज मिळणार नाही, कारण दुरुस्ती शक्य असेल तिथे दुरुस्तीच मोजली जाते. वॉशिंग मशीनच्या मोटरीत आणि सर्किटमध्ये गाळ गेला, ते पूर्ण २२ हजार. पलंग आणि गाद्या ६०, सोफा ३५. प्लायवूड एकदा फुगले की परत बसत नाही, म्हणून ते कपाट पूर्ण २५. लोखंडी कपाटाला घासून रंग, ४ हजार. खालच्या कप्प्यांतले कपडे ३०. इन्व्हर्टर-बॅटरी २८. एकूण २ लाख २७ हजार. यातून बॅटरी, मशीन वगैरेंच्या भंगाराची किंमत, समजा ७ हजार, वजा होईल. हातात २ लाख २० हजार येतील. २०१९ च्या पुरानंतर सरकारने शहरी भागात कुटुंबामागे १५ हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर केले होते. ते अडचणीच्या दिवसांत मोलाचे होते, पण त्यातून घर पुन्हा उभे राहत नाही.

पाच लाखांच्या सामानाचा हप्ता कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे मी आकडा देत नाही. किमान तीन कंपन्यांकडून, त्यांत एक सरकारी, लेखी कोटेशन घ्या आणि जीएसटी धरून विचारा. एवढे नक्की सांगतो की इमारत आणि दागिने वगळल्यावर तो आठ हजारांच्या आसपास फिरकत नाही.

प्रपोजल फॉर्ममध्ये पूर्वी पाणी आले होते का असा प्रश्न असेल तर खरे उत्तर लिहा. तुम्ही तेव्हा तिथे राहत नव्हता, तरी घरमालकांना आणि शेजाऱ्यांना विचारा. २०१९ ला किती, २०२१ ला किती पाणी आले, हे तुमच्या गल्लीत प्रत्येकाला पाठ असेल. कंपनी कदाचित थोडा जास्त हप्ता लावेल, एखादी कंपनी नाहीही म्हणेल. तरीही खरेच लिहा, कारण लपवलेली माहिती क्लेमच्या वेळी उघडी पडते आणि मग सगळीच पॉलिसी धोक्यात येते. एजंट फॉर्म भरत असेल तर सही करण्याआधी ही ओळ स्वतः वाचा.

वेळही महत्त्वाची आहे. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. कोयनेतून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या आल्यावर धावपळ करून काही उपयोग नाही, कारण त्या वेळी कंपन्या नवे काम घेणे थांबवतात. मे महिन्यात पॉलिसी हातात असली पाहिजे.

आता सोने. पॉलिसीत दागिन्यांसाठी वेगळा पर्यायी भाग आहे आणि तो आधी ठरवलेल्या किमतीवर असतो. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक दागिना १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. आजच्या भावात सात तोळे या मर्यादेत बसणार नाहीत, म्हणजे दाखला घ्यावा लागेल. पण खरा मुद्दा वेगळाच आहे. पाण्याने सोने खराब होत नाही, आणि घर सोडताना ते तुम्ही बरोबरच नेणार. सोन्याला धोका आहे तो चोरीचा, आणि पॉलिसीच्या या पर्यायी भागातही नेहमीची चोरी येत नाहीच. म्हणून घरफोडीचे संरक्षण न घेता हा भाग जोडला तर तुम्ही हप्ता भराल आणि ज्याची भीती आहे तेच बाहेर राहील. माझा सल्ला असा: रोज वापरातले तेवढे घरी ठेवा आणि बाकीचे बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकरमध्ये आग, चोरी किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत मात्र बँक जबाबदार नसते. तरी घरच्या कपाटापेक्षा लॉकर बरा.

घरफोडीचे संरक्षण तुम्ही वेगळे घेतले तर दोन गोष्टी वाचून पाहा. बहुतेक पॉलिसींना जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते, म्हणजे तुटलेले कुलूप, वाकलेला गज. उघड्या दारातून कोणी मोबाइल उचलून नेला किंवा घरातल्याच माणसाने काही नेले, तर ते बसत नाही. दुसरे, घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते. मुलीच्या सुट्टीत महिनाभर गावी जात असाल तर ही अट तुम्हाला लागू पडू शकते.

ऑफिसचा लॅपटॉप तुमचा नाही, तो यादीत लिहू नका. ऑफिसला विचारा की त्यांच्या विम्यात तो घरी असतानाही धरला जातो का, आणि उत्तर मेलवर घ्या. शिलाईचा भाग जास्त नाजूक आहे. ताईंचे मशीन आणि गिऱ्हाइकांचे कापड घरगुती सामानात मोजले जाईल असे धरून चालू नका. कापड तर तुमच्या मालकीचेही नाही. दोन-चार ब्लाऊज असतील तर फार विचार नको. पण लग्नसराईत तीस-चाळीस जणींचे कापड घरी पडून असेल, आणि त्यात पैठणीचे काठही असतील, तर कंपनीला तसे स्पष्ट लिहून विचारा. छोट्या उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी प्रमाणित पॉलिसी आहे. आणि काहीही झाले तरी पावसाळ्यात ते कापड माळ्यावर ठेवा. स्कूटर असेल तर ती गाडीच्या विम्यात येते, यात नाही. रोख रक्कम आणि कागदपत्रेही यात येत नाहीत.

विजेच्या उपकरणांबद्दल एक बारकावा आहे. लाइट गेली, परत येताना व्होल्टेज वाढले आणि फ्रिज जळला, तर तो फ्रिज भरपाईतून वगळलेला असतो. त्यातून आग लागून शेजारचे कपाट जळले, तर कपाटाचे पैसे मिळतात. याचा पुराशी थेट संबंध आहे. पाणी ओसरल्यावर लोक घाईने प्लग लावून पाहतात. ओले यंत्र चालू केले आणि शॉर्ट झाले, की नुकसान पुराचे की शॉर्टसर्किटचे असा वाद उभा राहतो. सर्व्हेअर येईपर्यंत किंवा मेकॅनिकने उघडून, वाळवून लेखी दिल्याशिवाय एकही यंत्र लावू नका. हे तुमच्या जिवाच्या दृष्टीनेही तेवढेच खरे आहे.

आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे चालले की सामान हलवायला लागा. सामान वाचवण्याचा वाजवी प्रयत्न करणे ही पॉलिसीची अटच आहे. फक्त एक ध्यानात घ्या: संरक्षण पॉलिसीवर लिहिलेल्या पत्त्यावरच्या सामानाला असते. तुम्ही टेम्पोने सामान कुपवाडला नातेवाइकांकडे नेले आणि तिथे काही झाले, तर ते बाहेर राहते. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ठेवत असाल तर "पुरामुळे अमुक वस्तू वरच्या फ्लॅटमध्ये हलवत आहोत" असा एक मेल कंपनीला टाकून ठेवा.

पाणी उतरल्यावर सामान फेकायची घाई होते, कारण घरात वास असतो आणि रस्त्यावर महापालिकेच्या गाड्या उभ्या असतात. कुजलेली गादी सर्व्हेअरसाठी राखून ठेवा असे मी कधीच म्हणणार नाही. पण फेकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, यंत्रांच्या मागच्या पट्टीवरचा नंबर दिसेल असा काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टीसह काढा, आणि ते फोटो मेलने पाठवून मग गादी टाका. यंत्रे आणि बॅटरी मात्र भंगारवाल्याला देऊ नका. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

बिले भिजलेली असतात, म्हणून आजच एक काम करा. मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढा, कपाटे उघडून, आणि तो स्वतःच्याच ई-मेलवर पाठवा. ज्यांची बिले आहेत त्यांचे फोटोही त्यातच टाका. बिल नसेल तर ऑनलाइन ऑर्डरची नोंद, बँकेच्या खात्यातली नोंद, वॉरंटी कार्ड हेही मी पुरावा म्हणून धरत आलो आहे.

पॉलिसी एक वर्षाचीच घ्या. ती १० वर्षांपर्यंत मिळते, आणि एजंट सवलत दाखवून लांबची सुचवेल, पण तुमचा करार ११ महिन्यांचा आहे. घर बदलले की पॉलिसी आपोआप नव्या घरी येत नाही. टेम्पो ठरवाल त्याच आठवड्यात पत्ता बदलण्याचा अर्ज द्या आणि बदललेली नोंद लेखी मिळवा. नवे घर वरच्या मजल्यावर, पुराच्या रेषेबाहेर असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हा सगळा हिशेब पुन्हा मांडा. तेव्हा कदाचित घरफोडीचे संरक्षण तुमच्यासाठी पुरापेक्षा जास्त कामाचे ठरेल.

क्लेम अडला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात, वकील लागत नाही आणि फी नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो.